आज यादी नको, उद्या भेटू

साखरपुडा झाला की दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पांची जातच बदलते. आधी तिथे गाणी असतात, ऑफिसातल्या चहाड्या असतात, ‘जेवलास का’ असतं, उगाच काढलेली भांडणं असतात. मग कार्यालयाची पावती येते, पत्रिकेचा कच्चा मजकूर येतो, शालूच्या दुकानातले फोटो येतात, ‘आत्याच्या जावेचं नाव राहिलं’ येतं. मुहूर्त जवळ आला की दिवसाला शंभर मेसेज होतात आणि त्यात एकही एकमेकांविषयी नसतो. ज्या माणसाशी लग्न करायचं तो माणूस एव्हाना लग्नाच्या कामातला सहकारी झालेला असतो, आणि तोही कामं विसरणारा.

अशाच एखाद्या रात्री साडेअकराला एक मेसेज येतो. समजा, दोघं पुण्यात नोकरी करतात. तिचं माहेर साताऱ्याचं, त्याचं घर नाशिकला. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर, सोळा दिवसांवर आलेलं. खर्च अर्धा-अर्धा ठरलेला, ताटं 400, ताटाचा दर 650 रुपये. केटररला पक्का आकडा रविवारपर्यंत द्यायचा आहे आणि आज बुधवार. तिचा मेसेज असा आहे: ‘काकूंनी आज परत 40 नावं पाठवली. बाबांना कसं सांगू मी? सगळं मीच बघतेय. मला आता काहीच सुचत नाहीये. तुला तर काही पडलेलंच नाही.’

या मेसेजला तो काय उत्तर देतो, त्यावर पुढचे सोळा दिवस कसे जाणार हे बऱ्याच अंशी ठरतं. म्हणून त्या उत्तराकडे जरा बारकाईने पाहू.

आकड्यांत बघितलं तर 40 ताटं म्हणजे 26,000 रुपये. सगळा खर्च लाखांत असताना ही रक्कम रात्री झोप उडवण्याइतकी मोठी नाही. मेसेज पुन्हा वाचला तर दिसतं की तिने पैशांचा उल्लेखही केलेला नाही. ‘कसं सांगू मी’, ‘मीच बघतेय’, ‘मला सुचत नाहीये’ अशी तीन वाक्यं आहेत आणि तिन्हींत ती एकटी आहे. चौथ्या वाक्यात त्याच्यावर आरोप आहे. खरा प्रश्न त्या आरोपाच्या आत दडलेला आहे: तू माझ्या बाजूने उभा आहेस ना? काळजीने घेरलेला माणूस हा प्रश्न सहसा सरळ विचारत नाही. ‘नाही’ असं उत्तर येईल या भीतीने तो टोचून बोलतो. समोरच्याला मात्र फक्त टोचणी जाणवते. मग तो गेल्या आठवड्यात आपण केलेल्या कामांची यादी मांडतो आणि बाराच्या ठोक्याला भांडण रंगात येतं.

भांडायचं नाही असं ठरवणारे जावई दोनपैकी एक उत्तर पाठवतात. पहिलं, ‘अगं टेन्शन नको घेऊस, होईल सगळं नीट.’ हेतू शंभर टक्के चांगला. पण ‘होईल’ म्हणजे कोण करणार? आतापर्यंत तीच करत आली आहे, त्यामुळे तिला त्यात ‘तूच करशील’ एवढंच ऐकू येतं. वर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणजे तिची काळजी अवाजवी आहे असा निकालही लागतो. दुसरं उत्तर, ‘आत्ता नको, उद्या बोलू.’ हे खरं तर अर्धं बरोबर आहे, कारण रात्री साडेअकराला यादीवर बोलू नये हे खरंच. पण ज्याला आधीच आपण एकटे पडलोय असं वाटतंय त्याला ‘आत्ता नको’ हे दार लावून घेतल्यासारखं वाटतं. उद्या म्हणजे कधी, कोण फोन करणार, तोवर काय, हे काहीच त्यात नाही. त्या रात्री ती जागी राहते आणि त्याच्या नावाखालचं ‘ऑनलाइन’ बघत बसते.

लेखी शब्दांची एक अडचण यात भर घालते. अमेरिकेत जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं खरोखरीच्या अर्थाने आणि काही उपरोधाने ई-मेलवर पाठवायची, आणि वाचणाऱ्याला त्यातला सूर ओळखता येतो का ते पाहायचं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की दहातल्या जवळजवळ आठ वेळा आपला सूर बरोबर पोचेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचं उत्तर छापा-काट्यापेक्षा थोडंसंच बरं निघालं. कारण सोपं आहे: लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज वाजत असतो आणि तो समोरच्यालाही ऐकू जातोय असं आपल्याला वाटतं. ‘बरं’, ‘ठीक आहे’, ‘बघू’ हे शब्द म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर धोक्याचे. तोंडाने मायेने म्हटलेलं ‘बघू या गं’ आणि पडद्यावर उमटलेलं ‘बघू’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तेव्हा थांबायला सांगायचंच असेल, तर ते कसं सांगायचं?

थांबणं उपयोगी पडतं याला पुरावा आहे. जॉन गॉटमन हे वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी रॉबर्ट लेव्हन्सन यांच्याबरोबर कित्येक वर्षं जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, अंगाला नाडीचे ठोके मोजणारी यंत्रं लावून, वादाच्या विषयावर बोलायला लावलं. वाद चढत गेला की काहींच्या नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर जात. त्या अवस्थेत माणूस ऐकत नाही, त्याला विनोद कळत नाही, समोरच्याचं साधं वाक्यही हल्ल्यासारखं वाटतं. एका प्रयोगात संशोधकांनी वाद ऐन रंगात असताना यंत्रात बिघाड झाल्याचं निमित्त केलं आणि जोडप्यांना सांगितलं, थोडा वेळ हा विषय काढू नका, ही मासिकं चाळत बसा. थोड्या वेळाने बोलणं पुन्हा सुरू झालं तेव्हा ठोके उतरले होते आणि तीच माणसं त्याच विषयावर बऱ्यापैकी समजूतदारपणे बोलत होती. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात असं गॉटमन सांगतात. अट एकच, त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवायचं नाही. (मासिकं चाळून संसार सावरतात हे मासिकात लिहायला मिळणं, हा आमच्या धंद्यातला दुर्मिळ आनंद.)

प्रयोगशाळेत एक गोष्ट आपोआप घडली होती. दोघंही एकाच खोलीत होते आणि बोलणं पुन्हा सुरू होणार हे दोघांना माहीत होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हे दोन्ही नसतं, म्हणून ते शब्दांनी आणावं लागतं. थांबायचं ते यादीच्या विषयात, नात्यात नाही, हे तिला वाचताक्षणी कळलं पाहिजे. तो पुढील मेसेज पाठवतो:

‘वाचलं. सगळं ठरत आलं असताना परत 40 नावं, आणि बाबांना तोंड तुला द्यायचं. वैताग येणारच. आईने नावं पाठवली तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं, ते केलं नाही. आज रात्री यादी नको. केटररला आकडा रविवारी द्यायचाय, तोवर काही अडत नाही. आईशी उद्या दुपारी मी बोलतो, तू बाबांना इतक्यात काही सांगू नकोस. शनिवारी सकाळी दहाला तुझ्याकडे येतो, दोघं बसून यादी संपवू. आणि उद्या सातला तुझ्या ऑफिसखाली येतो. फक्त आपण दोघं. लग्नाचा विषय जो काढेल त्याने भेळेचे पैसे द्यायचे. झोप आता. मी आहे.’

मेसेज लांब आहे, पण फुकट गेलेलं वाक्य त्यात नाही. ‘वाचलं’ या एका शब्दाने सुरुवात होते, कारण निळ्या टिका दिसत असतानाचा सन्नाटा सगळ्यात वाईट. त्यानंतर तिच्या त्रासाचं वर्णन येतं, आणि तेही नेमकं: ‘बाबांना तोंड तुला द्यायचं’. ‘मी समजू शकतो’ हे वाक्य कुठल्याही प्रसंगी चालतं, म्हणूनच ते कुणाला पटत नाही. तिच्या मेसेजमधली दुखरी जागा आपल्या शब्दांत परत सांगितली, तर वाचलं आणि कळलं हे दोन्ही सिद्ध होतं. पुढे आपल्या वाट्याची चूक आहे, पण एकाच वाक्यात. चार वाक्यांची माफी मागितली असती तर आता तीच त्याची समजूत घालत बसली असती.

मग थांबण्याचं कारण येतं, आणि ते तिच्या स्वभावाबद्दल नसून तारखेबद्दल आहे. आकडा रविवारी द्यायचा आहे, म्हणजे आज रात्री थांबलो तरी नुकसान काहीच नाही. काळजीच्या भरात सगळीच कामं आजच्या आज करायची वाटतात. त्यातलं खरोखर कोणतं कधी हवं आहे हे एका वाक्यात सांगितलं की ओझं बरंच उतरतं. इथे खोटं सांगून चालत नाही. आकडा उद्या सकाळी द्यायचा असता तर थांबा म्हणणं हाच बेजबाबदारपणा ठरला असता. तेव्हा योग्य मेसेज असा असता: ‘तू झोप, केटररला सकाळी मी फोन करून एक दिवस मागून घेतो.’

‘आईशी मी बोलतो’ हे माझ्या मते त्या मेसेजमधलं सगळ्यात वजनदार वाक्य. आपल्या घरचं माणूस आपण सांभाळायचं, हा साखरपुड्यानंतरचा पहिला नियम असायला हवा. होणाऱ्या सुनेने सासूशी ताटांच्या संख्येवरून बोलणं आणि मुलाने आईशी बोलणं, यात शब्द तेच असले तरी परिणाम फार वेगळा होतो. नंतरची दहा वर्षं कुठल्यातरी दिवाळीत ते ताट पुन्हा निघतं.

आणि दोन वेळा दिल्या आहेत, त्या वेगवेगळ्या आहेत हे महत्त्वाचं. शनिवारी दहाला काम, उद्या सातला भेट. भेटीतच यादी उरकून टाकू असा मोह पुष्कळांना होतो, आणि मग भेळ राहते बाजूला, दोघं मोबाइलमध्ये एक्सेलची फाइल उघडून बसतात.

त्या सात वाजता करायचं काय? फार काही नाही. लग्नाआधीची केळवणं चालू असतात, रोज कुणाकडे तरी पुरणपोळी नाहीतर श्रीखंडाचं जेवण असतं आणि दोघं शेजारी बसूनही दिवसभरात एकमेकांशी बोललेले नसतात, कारण मावशींच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात वेळ जातो. त्यामुळे एक तास, प्रेक्षक नसलेला, एवढंच पुरतं. चालत जायचं, खायचं, शेजारी बसायचं. हात हातात घ्यायचा, आणि हे केवळ सिनेमातलं नाही. जेम्स कोन या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली 16 विवाहित स्त्रियांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना एमआरआय यंत्रात झोपवून, पायाला विजेचा सौम्य धक्का बसू शकतो अशी सूचना दिली जात होती. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण तो कमी. ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता, त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा परिणाम जास्त दिसला. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमला बांधू नये. पण मेसेजने भेटीपर्यंत पोचवायचं असतं आणि उरलेलं काम भेटीने करायचं असतं, एवढं त्यावरून म्हणता येतं.

शनिवारचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण शनिवार पाळला नाही तर बुधवारचा मेसेज खोटा ठरतो. मधल्या काळात तो आईशी बोलला आणि एक गोष्ट उलगडली. ती 40 नावं आईने हट्टाने काढलेली नव्हती. ती आहेराच्या वहीतून आली होती. थोरल्या मुलीच्या लग्नात कुणी काय दिलं, कुणाच्या लग्नाला आपण गेलो, याची नोंद असलेली वही पुष्कळ घरांत कपाटात असते. ज्यांच्या मांडवात आपण जेवलो त्यांना बोलावलं नाही, तर गावात तोंड दाखवायचं कसं, ही त्या माउलीची काळजी होती. म्हणजे त्या बुधवारी एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला त्याची आई, दोघींनाही झोप नव्हती, आणि दोघींना जोडणारा माणूस मधे गप्प बसला होता.

शनिवारी दोघांनी वही समोर ठेवली. 40 पैकी 12 जणांना मांडवात बोलावणं गरजेचं निघालं: त्याचे जुने शिक्षक, वडिलांना आजारपणात मदत केलेलं कुटुंब, सख्खे शेजारी. उरलेल्या 28 जणांना लग्नानंतर नाशिकच्या घरी होणाऱ्या सत्यनारायणाच्या पूजेला आणि जेवणाला बोलवायचं ठरलं. तो खर्च मुलाच्या घरचा. लग्नात वाढली 12 ताटं, म्हणजे 7,800 रुपये, अर्ध्याने वाटले तर प्रत्येकी 3,900. तिने बाबांना सांगितलं ते एवढंच. पूजेच्या निमंत्रणाचे फोन आईने स्वतः केले आणि त्यात मानपानही सांभाळला गेला. सगळ्या घरांत असा मार्ग निघेलच असं नाही. पण रात्री साडेअकराला तो निघणार नव्हता हे नक्की, कारण वहीचा विषयच तेव्हा कुणाला माहीत नव्हता.

हा मेसेज बिघडतो कसा? एक म्हणजे त्याची सवय होते. दर वेळी ‘आज नको, उद्या भेटू’ आलं आणि शनिवार कधी उगवलाच नाही, तर तिसऱ्या खेपेला तो टाळाटाळीचा सभ्य प्रकार होतो. ओळखायची खूण सोपी आहे: थांबल्यानंतर काम कुणी केलं? नेहमी तिनेच केलं असेल, तर थांबण्याचा फायदा त्याला झाला. दुसरं, काही जणांना धीर मिळाला की तासाभरात तो पुन्हा लागतो. ‘नक्की ना?’, ‘चिडला नाहीस ना?’, ‘खरं सांग.’ दर वेळी नवं आश्वासन दिलं की भूक वाढते, भागत नाही. अशा वेळी नवीन शब्द शोधू नयेत. ‘उद्या सातला येतोय, ठरलेलं आहे’ हे एकच वाक्य मायेने पुन्हा सांगावं आणि सातला हजर राहावं. तीन वेळा वेळेवर पोचलेला माणूस चौथ्यांदा फार समजावत नाही, त्याला समजवावं लागत नाही. तिसरं, पात्रं उलटीही असतात. कर्जाच्या हप्त्यांची काळजी करत बसलेला मुलगा ‘तुम्हाला जे करायचं ते करा’ असं म्हणून गप्प होतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण चटकन बेफिकिरी म्हणतो. त्यालाही हाच मेसेज लागतो.

आणि काही काळज्या अशा असतात की त्यांवर थांबून पुन्हा भेटणं हा उपायच नाही. तिची अस्वस्थता यादीवरून नसून ‘या माणसाशी करू का’ याबद्दल असेल, तर भेळ खाऊन तो प्रश्न पुढे ढकलू नये. तिथे सरळ बसून बोलावं, लागलं तर तारीख पुढे न्यावी. समोरच्या घरून रोख, गाडी, सोनं यांची मागणी सुरू झाली असेल, तर ते लग्नाच्या तयारीचं टेन्शन नव्हे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मागणे आणि देणे दोन्ही गुन्हा आहे, आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणारा होणारा नवरा त्या वेळी कुणाच्या बाजूने उभा राहतो हेच पाहायचं. झोप आठवडाभर उडाली, जेवण जात नाही, छातीत धडधड होते, असं असेल तर जोडीदाराचा मेसेज पुरणार नाही. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

शेवटी एक विनंती, ती या अंकाच्या वाचकांतल्या आई-वडिलांना, मामा-मावश्यांना आणि आत्याबाईंना. घरात लग्न निघालं असेल तर रात्री नऊनंतर मुलांना नावं, आकडे, पावत्या पाठवू नका. यादी वाढवायचीच असेल तर ती सकाळी पाठवा, आपापल्या मुलाला किंवा मुलीला पाठवा, आणि सोबत ते नाव का हवं आहे तेही एका ओळीत लिहा.